‘अचानक’, ‘अर्थातच’, ‘खूप’ : रिपोर्टमधून हे शब्द काढले तर त्या जागी लिहायचं काय?

रबाळे_बी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. दुपारी ३ ते रात्री ११ ही माझी पाळी. गेल्या आठवड्यात कूलिंग टॉवरचा एक पंप बंद पडला, त्याचा ब्रेकडाउन रिपोर्ट मी लिहिला. आमच्याकडे रिपोर्ट मराठीत लिहितात, कारण फिटर आणि हेल्पर यांनीही तो वाचायचा असतो. मी लिहिलेला रिपोर्ट असा होता :

“रात्री कूलिंग टॉवरचा पंप क्र. २ अचानक बंद पडला. बेअरिंग खूप गरम झाले होते व बराच आवाज येत होता. बेअरिंगला वेळेवर ग्रीस न दिल्यामुळे अर्थातच हा बिघाड झाला. यापुढे योग्य ती काळजी घेण्यात यावी.”

साहेबांनी कागद परत पाठवला. ‘अचानक’, ‘खूप’, ‘अर्थातच’ या तीन शब्दांना लाल गोल, आणि खाली एक ओळ : “हे शब्द काढून पुन्हा लिहा.” मी शब्द नुसते खोडून पाहिले. “पंप बंद पडला. बेअरिंग गरम झाले होते.” आता तर काहीच कळत नाही! शब्द होते तेव्हा निदान जोर तरी होता. त्या जागी लिहायचं तरी काय? साहेब सुट्टीवर गेलेत, सोमवारी येतील. तोवर मला हे खरंच समजून घ्यायचंय.

शब्दवेडी_ठाणे

मराठी समृद्ध आहे हो, एका शब्दावर अडून बसायचं कारण नाही. ‘अचानक’ऐवजी एकाएकी, अकस्मात, अवचित, ध्यानीमनी नसताना. ‘खूप’ऐवजी अतिशय, अत्यंत, प्रचंड, कमालीचे. ‘अर्थातच’ला साहजिकच, स्वाभाविकपणे, उघडपणे. ‘बेअरिंग कमालीचे तापले होते’ हे वाक्य वाचायलाही छान वाटतं बघा.

कोरा_कागद

@शब्दवेडी, साहेबांना दुसरा शब्द नकोय, त्या शब्दांची जातच नकोय. ‘अकस्मात’ लिहिलं तर त्यालाही लाल गोल पडेल.

माझा नियम साधा आहे. रिपोर्टमधली सगळी विशेषणं आणि क्रियाविशेषणं काढायची आणि प्रत्येक जागी आकडा घालायचा. आकडा नसेल तर ते वाक्यच काढून टाकायचं. मी ऑडिटमध्ये काम करतो, आमच्याकडे असंच चालतं.

वागळे_इस्टेट

रबाळेकर, मी ३४ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली बरीच ठाण्यात वागळे इस्टेटला. शब्दांकडे नंतर येऊ. आधी मला सांगा :

१. पंप बंद पडला म्हणजे नेमकं काय झालं? ओव्हरलोड रिले ट्रिप झाला, एमसीबी पडला, फ्यूज गेला की तुम्ही हाताने बंद केलात?
२. मोटर किती किलोवॅटची, रिले किती अँपिअरला लावलाय?
३. त्या दिवशीचे अँपिअरचे आकडे लॉगबुकात आहेत का?

‘अचानक’ लिहिल्यामुळे हे तिन्ही प्रश्न झाकले गेले, म्हणून आधी हेच विचारतो.

रबाळे_बी_शिफ्ट

काका, धन्यवाद. लॉगबुकाचा फोटो मोबाइलमध्ये होता.

१. ओव्हरलोड रिले ट्रिप. २१:४० ला.
२. मोटर १५ किलोवॅट, नेमप्लेटवर २८ अँपिअर. रिले २७ ला सेट आहे.
३. दर दोन तासांनी लिहितात. १४:०० ला, म्हणजे आधीच्या पाळीत, २४, १६:०० ला २५, १८:०० ला २६, २०:०० ला २८.

हे टाइप करतानाच पोटात गोळा आला. आकडा चढत होता आणि मी ‘अचानक’ लिहिलं.

वागळे_इस्टेट

पोटात गोळा येऊ देऊ नका. आकडे तुम्ही लिहून ठेवलेत म्हणून आज दिसतायत. बऱ्याच ठिकाणी चारही रकान्यांत सकाळचाच आकडा उतरवलेला सापडतो.

आता ‘अचानक’ घेऊ. मोटर जास्त प्रवाह घेऊ लागली की थर्मल ओव्हरलोड रिले तिला बंद करतो. त्याच्या आत पत्ती असते, ती प्रवाहाने तापते, वाकते आणि मग ट्रिप करते. तापायला वेळ लागतो. सेटिंगच्या १.०५ पट प्रवाह असेल तर दोन तासांतही तो ट्रिप होता कामा नये, आणि १.२ पट असेल तर दोन तासांच्या आत व्हायलाच हवा. प्रवाह दीडपट झाला तर काही मिनिटं लागतात. मोटर जाम झाली तर काही सेकंद. शॉर्ट सर्किट असतं तर रिलेच्या आधी एमसीबीने किंवा फ्यूजने काम केलं असतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

तुमचा रिले २७ ला आहे. २०:०० चे २८ अँपिअर म्हणजे सेटिंगच्या १.०४ पटही नाही. तो तिथेच थांबला असता तर रिले ट्रिप व्हायला नको होता. म्हणजे आठनंतर प्रवाह आणखी चढला. किती चढला ते मात्र सांगता येत नाही, कारण २०:०० ते २१:४० मध्ये कोणी मीटर वाचला नाही.

आता तुम्हीच बघा, ‘अचानक’च्या जागी काय काय आलं. किती वाजता, कशाने, त्याआधी सहा तास आकडा कसा चालला होता आणि शेवटचं कधी पाहिलं. यातली शेवटची गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची. बहुतेक वेळा ‘अचानक’ म्हणजे ‘मी मधे पाहिलं नव्हतं’. मग तेच लिहावं.

निशाचर_सिस्टर

काकांचं वाचून राहवलं नाही. मी वाशीत नर्स आहे, बहुतेक रात्रपाळीच असते. आमच्याकडे हाच मुद्दा जिवावर येतो.

नातेवाईक सांगतात, “सकाळी अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही.” आम्ही लगेच विचारतो, “शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?” मग कळतं की सकाळी सहाला उठले तेव्हाच असं होतं, आणि रात्री साडेदहाला जेवून झोपले तेव्हा ठीक होते. आमच्यासाठी घड्याळ सहाला नाही, साडेदहाला सुरू होतं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. ‘सकाळी अचानक’ असं लिहून पुढे पाठवलं तर डॉक्टर चुकीच्या वेळेपासून मोजतील.

पण ‘अचानक’ सरसकट वाईट, हे मला मान्य नाही. डोकेदुखी हळूहळू वाढली की एका मिनिटाच्या आत शिगेला पोचली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मेंदूत रक्तस्राव झालाय का ते ताबडतोब बघावं लागतं. तिथे ‘अचानक’ हे लक्षण आहे. फक्त तो शब्द एकटा सोडायचा नाही. “भांडी घासताना सुरू झाली, नळ बंद करेपर्यंत असह्य झाली” असं एका बाईंनी सांगितलं होतं. मी ते तसंच्या तसं लिहिलं होतं.

कोरा_कागद

@सिस्टर, ‘नळ बंद करेपर्यंत’ हे काही माप नाही. किती सेकंद ते लिहायला हवं.

निशाचर_सिस्टर

त्या बाईंनी सेकंद मोजले नव्हते. मी ‘४० सेकंद’ लिहिलं असतं तर तो आकडा माझ्या मनचा झाला असता. वाचणाऱ्याला वाटलं असतं की कोणीतरी घड्याळ लावून मोजलंय. खोट्या आकड्यापेक्षा खरा नळ बरा.

मुद्रितशोधक

सिस्टरांशी सहमत. कोरा_कागद यांचा नियम अर्धा बरोबर आहे. मोजलेला आकडा असेल तर तो विशेषणाच्या जागी यायलाच हवा. पण न मोजलेला आकडा हा विशेषणापेक्षा वाईट, कारण विशेषण निदान ओळखू येतं. पंचनाम्यात ‘रात्रौ ९ चे सुमारास’ लिहितात, त्याला आपण हसतो. पण वेळ नक्की माहीत नसताना ‘सुमारास’ हा प्रामाणिक शब्द आहे. फक्त सुमार केवढा ते कळायला हवं. ‘नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान’ हे त्याहून बरं.

घोडबंदर_४०

चर्चा छान चाललीय. माझाही अनुभव टाकते. आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. लिफ्ट दुरुस्तीचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे त्यांना वर्षभर पत्रं लिहीत होते, “लिफ्ट वारंवार बंद पडते, रहिवाशांना अतिशय त्रास होतो, वृद्धांचे खूप हाल होतात.” माणूस यायचा, लिफ्ट चालू करायचा, सही घेऊन जायचा.

मग वॉचमनकडे एक वही दिली. लिफ्ट अडकली की वेळ, कुठल्या मजल्यावर, दार उघडं की बंद, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या आणि त्यातल्या ८ चौथ्या मजल्याच्या! पत्रात तेवढंच लिहिलं. त्या वेळी आलेला माणूस थेट चौथ्या मजल्यावर गेला आणि दाराच्या लॉकचा कॉन्टॅक्ट बदलला. ‘वारंवार’ हा शब्दही तुमच्या यादीत घाला.

शब्दवेडी_ठाणे

माझा गैरसमज झाला होता, आता लक्षात आलं. मी शब्दाला शब्द शोधत होते. घोडबंदर ताई, तुमच्या वहीने डोळे उघडले. आता खरंच विचारते, ‘खूप गरम’च्या जागी काय? हाताला चटका बसतो तेव्हा थर्मामीटर कोण शोधणार?

वागळे_इस्टेट

चांगला प्रश्न. रबाळेकर, टेम्परेचर गन होती का जवळ?

रबाळे_बी_शिफ्ट

होती. ट्रिपनंतर दहा मिनिटांनी, २१:५० ला, बेअरिंगच्या हाउसिंगवर ८४ अंश आला. पण साहेब विचारतील, ८४ म्हणजे खूप की ठीक? म्हणून तर ‘खूप’ लिहिलं होतं.

वागळे_इस्टेट

म्हणजे तुमच्याकडे आकडा होता आणि तुम्ही तो गिळून मत लिहिलंत. पण तुमची शंका रास्त आहे. नुसता आकडाही मुका असतो, त्याला शेजारी लागतो. पंप क्र. १ त्याच बनावटीचा असेल, तोही चालू असेल. त्याच्या हाउसिंगवर त्याच जागी किती होता?

रबाळे_बी_शिफ्ट

घेतला होता! ५२ अंश. हवेचं तापमान ३१.

वागळे_इस्टेट

झालं तर मग. “२१:५० ला पंप २ च्या बेअरिंग हाउसिंगवर ८४ अंश, त्याच वेळी चालू असलेल्या पंप १ वर त्याच जागी ५२ अंश, हवा ३१.” यात ‘खूप’ कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला तो ऐकू येतो. साहेबांना बेअरिंगचं ज्ञान नसलं तरी ३२ अंशांचा फरक दिसतो.

एक लक्षात ठेवा. गन कुठे मारली ते लिहायचं. चकचकीत शाफ्टवर किंवा घासलेल्या धातूवर मारली तर आकडा बराच कमी दाखवते. रंग दिलेल्या भागावर मारा, नाहीतर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मारा. तेव्हाही पंप बंद होऊन दहा मिनिटं झाली होती, तीही नोंद हवी.

@शब्दवेडी, गन नसेल तर तुमचा हात आहेच. “हाउसिंगवर तळहात दोन सेकंदांच्या वर ठेववत नव्हता” असं लिहा, म्हणजे साधारण ६० अंशांच्या आसपास किंवा वर, हे जाणकाराला कळतं. आवाजाचंही तसंच. “हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं.” मात्र चालू पंपाला हात लावून बघू नका, आधी गार्ड आहे का ते पाहा.

तळवली_नाका

मी फिटर आहे, महापेला. वर सगळे हुशार लोक लिहितायत, मी एकच सांगतो. ‘अर्थातच’ या शब्दाने आमचा पगार कापला जातो. “वेळेवर ग्रीस न दिल्यामुळे अर्थातच.” वेळेवर ग्रीस दिलं नाही हे कोणी बघितलं? ग्रीसचं कार्ड बघितलं? बेअरिंग उघडून बघितलं? की फिटर समोर नव्हता म्हणून लिहिलं? माझ्यावर हे दोनदा झालंय, म्हणून बोलतो. राग मानू नका.

रबाळे_बी_शिफ्ट

राग नाही दादा. तुम्ही बोललात ते खरं आहे. कार्ड मी तेव्हा पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. बेअरिंगला १९ दिवसांपूर्वी ग्रीस दिल्याची नोंद आहे, सहीसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी बेअरिंग उघडलं तेव्हा मी हजर होतो. ग्रीस होतं. काळं पडलेलं, पातळ होऊन वाहिलेलं, पण होतं. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलंच नाही, कारण माझं ‘अर्थातच’ आधीच ठरलं होतं.

मुद्रितशोधक

‘अर्थातच’बद्दल एक निरीक्षण. मराठीत हा शब्द काढून टाकणं सोपं आहे, पण त्याचं काम करणारा एक छोटा एकाक्षरी नातलग मागे राहतो, तो म्हणजे ‘च’. “ग्रीसच नव्हतं”, “दिसतच होतं”, “फिटरनेच केलं असणार”. मी अनेक अहवाल तपासतो, ‘अर्थातच’ खोडल्यावर लेखक नकळत हा ‘च’ पेरतो. म्हणून शब्द शोधू नका, पुरावा शोधा. वाक्य वाचून स्वतःला विचारा : हे मी पाहिलं, कोणी सांगितलं, की मी जोडून काढलं? तिन्हींची क्रियापदं वेगळी ठेवा. ‘उघडल्यावर ग्रीस काळे दिसले’ हे पाहिलेलं. ‘हेल्परने सांगितले की’ हे ऐकलेलं. ‘यावरून असे वाटते की’ हे जोडलेलं. ‘असे दिसून आले’ मात्र टाळा. कोणाला दिसलं तेच त्यात दिसत नाही.

कोरा_कागद

हे पटलं. आमच्या ऑडिटमध्येही ‘असे दिसून आले’ प्रत्येक पानावर असतं.

वागळे_इस्टेट

तळवलीकर, तुम्ही मुद्द्याचं बोललात. आता मला एक वेगळीच शंका येतेय. १४:०० ला २४, २०:०० ला २८. चार अँपिअर! या मोटरवर ते अडीच किलोवॅटच्या घरात जातं. ग्रीस सुकलेल्या बेअरिंगने एवढा भार वाढत नाही. एवढी ताकद बेअरिंगमध्ये जिरली असती तर ते ८४ वर थांबलं नसतं, केव्हाच निळं पडून जाम झालं असतं. म्हणजे दुसरीकडे काहीतरी घासत होतं. रबाळेकर, त्या दिवशी पंपावर काही काम झालं होतं का? ग्लँडला हात लावला होता का कोणी?

रबाळे_बी_शिफ्ट

काका, अंगावर काटा आला. जॉब बुकात आहे : १५:३०, “पंप २ ग्लँड लीकेज बंद केले.”

तळवली_नाका

‘बंद केले’ म्हणजे थेंबही पडत नव्हता का? तसं असेल तर ग्लँड जास्त आवळला. दोरी जळली असणार.

वागळे_इस्टेट

तळवलीकर, ‘असणार’ नको, बघून घेऊ. :)

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पंपाचा शाफ्ट जिथे बाहेर येतो तिथे पाणी अडवायला दोरीसारखं पॅकिंग भरतात आणि वरून ग्लँडने दाबतात. तिथून थोडं पाणी गळायलाच हवं, त्यानेच पॅकिंग थंड आणि ओलं राहतं. आम्ही मिनिटाला ४० ते ६० थेंब ठेवायचो. खाली ओलं दिसतं म्हणून साहेब ओरडतात आणि फिटर ग्लँड पूर्ण आवळतो. मग पॅकिंग कोरडं पडतं, तापतं, शाफ्टवरच्या नळीला, म्हणजे स्लीव्हला, पकडतं आणि मोटर ब्रेक लावून चालवल्यासारखी चालते. प्रवाह चढत जातो. उष्णता शाफ्टमधून शेजारच्या बेअरिंगपर्यंत पोचते.

म्हणजे गरम बेअरिंग हा या प्रकरणात परिणामही असू शकतो. पॅकिंग काढून बघा. काळं, कडक झालंय का? स्लीव्हवर नखाला लागेल अशी खाच पडलीय का?

रबाळे_बी_शिफ्ट

आत्ता सेकंड शिफ्टमध्येच आहे. फिटरला घेऊन पॅकिंग काढलं. पाच रिंगा आहेत. ग्लँडच्या बाजूच्या दोन काळ्या आणि कडक, हातात चुरा होतायत. आतल्या तीन तपकिरी, पण नरम. स्लीव्हवर दोन खाचा, नखाला लागतात.

आणि एक. हेल्परने त्या दिवशी मला सांगितलं होतं की “बराच वेळ कुई कुई आवाज येत होता.” मी ‘बराच आवाज येत होता’ असं लिहून मोकळा झालो होतो. आज पुन्हा विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, वेळ माहीत नाही. मग विचारलं, चहा आला तेव्हा होता का? तर म्हणाला, “हो, चहा घेताना मी आणि पाटील तेच बोलत होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिथेच बसलो होतो, तेव्हा नव्हता.” आमच्याकडे चहावाला साडेचारला येतो. म्हणजे आवाज दुपारच्या जेवणानंतर आणि साडेचारच्या आधी सुरू झाला, आणि ग्लँडही त्याच दरम्यान आवळला होता.

निशाचर_सिस्टर

चहाची खूण कित्ती छान! आम्हीही हेच करतो. मालिका लागली होती का, नळाला पाणी आलं होतं का, पोरं शाळेतून आली होती का. लोकांना वेळ आठवत नाही, पण त्या वेळी काय चाललं होतं ते आठवतं.

घोडबंदर_४०

आमच्याकडे ‘पाण्याच्या आधी की नंतर’ यावर अख्खं गाव चालतं. पालिकेचं पाणी सकाळी कधी येतं ते सगळ्यांना पाठ असतं.

कोरा_कागद

मग आता थेट लिहिता येईल की, ग्लँड जास्त आवळल्यामुळे पंप बंद पडला. प्रश्न मिटला.

वागळे_इस्टेट

नाही मिटला. तेच दुसरं ‘अर्थातच’ होईल, फक्त शब्द न वापरता. ग्लँड गळायला का लागला होता? बेअरिंग आधीच झिजलं असेल तर शाफ्ट थरथरतो आणि पॅकिंग लवकर गळतं. तसं असेल तर मूळ बेअरिंगमध्ये, आणि ग्लँड आवळणं ही दुसरी पायरी. बेअरिंग कापून रिंगांच्या आतल्या वाटा पाहिल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही. जुने पापुद्रे निघालेले असतील तर एक गोष्ट, नुसता उष्णतेचा निळा डाग असेल तर दुसरी.

तळवली_नाका

काका, मला वाटतं ग्लँडच. पण ठीक, बेअरिंग कापा. आणि ज्याने ग्लँड आवळला त्याला आधी विचारा, की गळती पूर्ण बंद कर असं कोणी सांगितलं होतं. रिपोर्टमध्ये तेही येऊ दे.

रबाळे_बी_शिफ्ट

विचारलं. तो म्हणाला, “खाली पाणी दिसता कामा नये असा निरोप होता.” निरोप कोणाचा ते त्याला आठवत नाही, म्हणून तेवढंच लिहिलंय. सगळ्यांचं वाचून नवा मसुदा केला. बघा :

“पंप क्र. २ (१५ किलोवॅट, रिले सेटिंग २७ अँपिअर) २१:४० ला ओव्हरलोड रिलेने बंद झाला. त्या दिवशीचे मीटर वाचन : १४:०० – २४, १६:०० – २५, १८:०० – २६, २०:०० – २८ अँपिअर. २०:०० नंतर वाचन घेतलेले नाही. २१:५० ला बेअरिंग हाउसिंगवर (रंगवलेल्या भागावर) ८४ अंश. चालू असलेल्या पंप १ वर त्याच जागी ५२ अंश. हवा ३१ अंश.

१५:३० ला ग्लँडची गळती बंद केली होती (जॉब बुक). फिटरने सांगितले की खाली पाणी दिसू नये असा निरोप होता. हेल्परने सांगितले की दुपारी जेवणाच्या सुट्टीत आवाज नव्हता, चहाच्या वेळी (सुमारे १६:३०) होता. पॅकिंग काढल्यावर मी पाहिले : पाचपैकी बाहेरच्या दोन रिंगा काळ्या व कडक, स्लीव्हवर दोन खाचा. बेअरिंगमध्ये ग्रीस होते, काळे व पातळ. शेवटचे ग्रीस १९ दिवसांपूर्वी (कार्ड).

यावरून मला वाटते की ग्लँड जास्त आवळल्याने भार वाढला. बेअरिंग आधीपासून खराब होते की नाही हे ते कापून पाहिल्यावर कळेल.”

मुद्रितशोधक

उत्तम. एकच सूचना. शेवटचं ‘योग्य ती काळजी घेण्यात यावी’ तुम्ही काढलंत ते चांगलं केलंत, पण त्या जागी काही हवं. कोणी, काय, केव्हापर्यंत?

रबाळे_बी_शिफ्ट

बरोबर. जोडतो : “पंप २ चे पॅकिंग व स्लीव्ह बदलून ग्लँड मिनिटाला ४०–६० थेंबांवर ठेवणे, फिटर, उद्या दुपारपर्यंत. मीटर वाचन दोन तासांऐवजी तासाने, बी शिफ्ट, आजपासून. बेअरिंग कापून पाहणे, सोमवारी.”

वागळे_इस्टेट

थेंब मोजताना मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि पंप चालू करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. नवं पॅकिंग बसताना गळती बदलते. सुरुवातीला जास्त गळू द्या, मग ग्लँडचे दोन्ही नट सारखे, थोडे थोडे आवळा.

तळवली_नाका

आणि खाली पाणी पडतं त्याला पाइप लावून गटारात सोडा. नाहीतर परत कोणीतरी ओलं बघून आवळायला सांगेल.

शब्दवेडी_ठाणे

रबाळेकर, सोमवारी बेअरिंग कापलंत की इथे नक्की कळवा. मला बेअरिंगमधलं काही कळत नाही, पण आता काय निघतं त्याची उत्सुकता लागलीय.

रबाळे_बी_शिफ्ट

नक्की. फोटोही टाकतो, आधी बाहेरच्या रिंगचा, मग आतल्या.